नवव्या स्लाइडवर ते तीन मिनिटं का थांबायचे

फाइल माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात सव्वीस स्लाइड होत्या आणि सादरीकरण बारा दिवसांवर आलं होतं. ज्यांनी ती बनवली आणि दोन वर्षं ग्राहकांपुढे मांडली, ते महिनाभरापूर्वी कंपनी सोडून गेले होते. कामं सोपवण्याच्या यादीत या फाइलसमोर त्यांनी एकच शब्द लिहिला होता, 'पूर्ण'. तशी ती पूर्ण होतीही. आलेख, तक्ते, रंग सगळं जागच्या जागी होतं. फक्त स्लाइडच्या खाली नोट्स लिहायची जी जागा असते, ती बावीस ठिकाणी कोरी होती. उरलेल्या चार ठिकाणी त्यांनी स्वतःपुरत्या खुणा करून ठेवल्या होत्या. सहाव्या स्लाइडखाली 'थांब', विसाव्याखाली 'इथे त्यांना विचार', चौदाव्याखाली 'गोदामाची गोष्ट', आणि नवव्याखाली नुसतं 'घड्याळ!'.

डेकचा विषय सोपा होता. आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या ग्राहकांना वर्षभरात सपोर्टचं काम कसं झालं ते सांगायचं. किती तिकिटं, म्हणजे ग्राहकांनी नोंदवलेल्या अडचणी, आली, किती वेळात सुटली, काय बिघडलं, पुढे काय करणार आहोत. मला सांगितलेलं काम असं होतं की प्रत्येक स्लाइडला अशा नोट्स लिहायच्या, की मी बोलू शकेन आणि उद्या मी नसले तर दुसरं कोणीही बोलू शकेल.

सुरुवात मी अगदी सरळ केली. एकेक स्लाइड उघडायची, तिच्यावरचे मुद्दे वाचायचे आणि प्रत्येक मुद्द्याचं पूर्ण वाक्य करून खाली लिहायचं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर घड्याळ लावून सगळं मोठ्याने वाचलं, तर त्रेचाळीस मिनिटं झाली. आम्हाला मिळणार होती तीस. पण वेळेपेक्षा मोठी अडचण दुसरीच निघाली. सपोर्टमधली एक सहकारी समोर बसून ऐकत होती. तिने आधीची तीन-चार सादरीकरणं प्रत्यक्ष पाहिली होती. दहाव्या स्लाइडपाशी तिने मला थांबवलं.

"हे सगळं पडद्यावर लिहिलेलंच आहे गं. ते असं नव्हते बोलत."

"मग कसं बोलायचे?"

"नेमकं नाही आठवत. पण पडद्यावर असायचं ते फारसं वाचायचेच नाहीत. काहीतरी वेगळंच सांगायचे, आणि मग ती स्लाइड कळायची."

मी लिहिलेल्या सगळ्या नोट्स त्या रात्री काढून टाकल्या. स्लाइडवर जे दिसतं त्यातून नोट्स निघत नाहीत, हे मला तोवर कळलंच नव्हतं. बोलणारा माणूस निघून गेला की स्लाइडच्या मागचं बोलणं जातं, आणि मला शोधायचं होतं ते तेच. म्हणून लिहिणं बाजूला ठेवलं, मूळ फाइलची एक प्रत केली आणि त्या प्रतीत शोध सुरू केला.

पहिला धागा मिळाला तो पॉवरपॉइंटच्या `Slide Sorter` दृश्यात. तिथे सगळ्या स्लाइड छोट्या होऊन ओळीने दिसतात. वीस स्लाइडच्या खाली बारीक अक्षरांत वेळ लिहिलेली होती, ००:०८, ००:४५, ०३:१० अशी. `Rehearse Timings` लावून तालीम केली आणि शेवटी वेळा जतन करायला होकार दिला की प्रत्येक स्लाइडवर आपण किती वेळ होतो ते फाइलमध्येच राहतं. त्यांनी कधीतरी अशी तालीम केली होती आणि त्या वेळा तशाच राहून गेल्या होत्या. बेरीज केली तर अठ्ठावीस मिनिटं. म्हणजे तीस मिनिटांच्या बैठकीसाठीच ती तालीम असणार.

या वेळांनी मला फार मदत केली. पाचव्या स्लाइडवर मजकूर खच्चून भरलेला होता आणि मी तिच्यासाठी दीड पान लिहिलं होतं. ते तिथे आठ सेकंद होते. ती स्लाइड नंतर वाचणाऱ्यांसाठी असणार, बोलण्यासाठी नव्हे. उलट नवव्या स्लाइडवर एक आलेख आणि एक ओळ, बस. तिथे ते तीन मिनिटं दहा सेकंद थांबले होते, सगळ्या डेकमध्ये सर्वांत जास्त. आणि तिच्याच खाली लिहिलं होतं 'घड्याळ!'.

अर्थात ही खूण आहे, पुरावा नाही. तालीम चालू असताना फोन आला असेल तर तो वेळही त्यात धरला जातो, आणि पुन्हा तालीम करून जतन केलं की जुने आकडे पुसले जातात. म्हणून नुसत्या वेळेवरून मी काहीच ठरवलं नाही, फक्त कुठे जास्त खणायचं ते कळलं. आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. या जतन केलेल्या वेळा झोपलेल्या नसतात. `Slide Show` टॅबवर `Use Timings` समोर खूण असेल तर प्रत्यक्ष बोलताना स्लाइड त्या जुन्या वेळेप्रमाणे आपोआप पुढे जातात. पाचव्या स्लाइडवर मी तोंड उघडते न उघडते तोच आठ सेकंदांत सहावी आली असती. ती खूण मी लगेच काढली आणि वेळांचे आकडे वेगळ्या कागदावर उतरवून घेतले.

दुसरा धागा अॅनिमेशनचा. इतके दिवस मला ते नुसतं सजावटीचं काम वाटायचं. `Animation Pane` उघडून पाहिलं की कुठली गोष्ट कितव्या क्लिकला येते त्याची क्रमवार यादी दिसते, आणि ती यादी म्हणजे बोलणाऱ्याच्या वाक्यांचा क्रम असतो. सातव्या स्लाइडवर चार चौकटी डावीकडून उजवीकडे मांडलेल्या होत्या, पण क्लिकला तिसरी चौकट सर्वांत आधी येत होती. म्हणजे ते बोलायला सुरुवात तिथून करत. ती चौकट होती 'परत उघडलेली तिकिटं'. एकदा हे कळल्यावर सातव्या स्लाइडची नोट दहा मिनिटांत लिहून झाली, कारण बाकीच्या तिन्ही चौकटी त्या एका गोष्टीची कारणं होती. डावीकडून वाचत गेले असते तर ती चार सुटी सुटी विधानं झाली असती.

शेवटी 'धन्यवाद'च्या स्लाइडनंतर तीन लपवलेल्या स्लाइड होत्या. लपवलेल्या स्लाइडच्या क्रमांकावर तिरकी रेघ असते. त्या बहुधा कोणीतरी विचारलेल्या प्रश्नांची तयारी म्हणून केलेल्या असाव्यात. मी त्या तिन्ही छापून समोर ठेवल्या आणि प्रत्येकीला विचारत गेले, हा प्रश्न कुठल्या स्लाइडवरून उठला असेल? तिघींतली एक थेट नवव्याकडे बोट दाखवत होती. तिच्यावर एकच तक्ता होता, महिन्यागणिक 'ग्राहकाच्या उत्तराची वाट' या स्थितीत असलेल्या तिकिटांची संख्या.

आता नववी स्लाइड. शीर्षक होतं 'तिकीट सोडवण्याचा वेळ ४५ टक्क्यांनी कमी'. खाली चार तिमाहींची एक रेघ, ३८ तास, ३६ तास, २४ तास, २१ तास. अडतीसवरून एकवीस म्हणजे सतरा तासांची घट, आणि सतरा भागिले अडतीस म्हणजे पंचेचाळीस टक्केच. हिशोबात चूक नव्हती. पण रेघेकडे थोडा वेळ पाहत राहिलं की एक गोष्ट टोचते. पहिल्या दोन तिमाहींत दोन तासांचा फरक, शेवटच्या दोनांत तीन तासांचा, आणि मध्येच एका तिमाहीत एकदम बारा तास. सपोर्टचं काम असं एका उडीत सुधारत नाही. माणसं तीच, तिकिटं साधारण तेवढीच. उडी दिसली की आधी मोजण्याची पद्धत बदलली का ते पाहावं, हे मी अहवालांच्या कामात शिकले आहे.

आलेखावर उजवं बटण दाबून `Edit Data in Excel` निवडलं. आलेखाच्या मागचा तक्ता उघडला. त्यात रकान्यांच्या डोक्यावर जी इंग्रजी अक्षरं असतात ती नीट पाहिली, तर `A`, `B` आणि मग एकदम `D`. मधला रकाना लपवलेला होता. लपवलेले रकाने मुद्दाम सांगितल्याशिवाय आलेखात उतरत नाहीत, म्हणून रेघ एकच दिसत होती. दोन्ही बाजूंचे रकाने निवडून `Unhide` केलं. आत मथळा होता 'एकूण वेळ, जुनी पद्धत', आणि खाली चार आकडे, ३८, ३६, ३२, २९.

तो रकाना घेऊन मी सपोर्टमधल्या त्या सहकारीकडे गेले. तिने पाहिल्या पाहिल्या सांगितलं.

"अगं, हे घड्याळाचं आहे. आपण ग्राहकाकडे लॉग फाइल मागतो आणि तिची वाट पाहत बसतो ना, तो वेळही आधी आपल्याच नावावर मोजला जायचा. तिसऱ्या तिमाहीपासून ती स्थिती लावली की घड्याळ थांबतं. ग्राहकाचं उत्तर आलं की पुन्हा सुरू."

"म्हणजे बारा तासांतले चारच खरे?"

"त्या तिमाहीत, हो. आणि ते हे बोलून दाखवायचे. मला आता आठवतंय. आलेखापुढे उभे राहून म्हणायचे, या रेघेत दोन गोष्टी मिसळल्या आहेत, आणि मग बोटाने हवेत दुसरी रेघ काढायचे."

तीन मिनिटं दहा सेकंदांचा उलगडा झाला. स्लाइडवर सतरा तासांची घट होती. त्यातली नऊ तासांची घट कामातली होती आणि आठ तासांची घट घड्याळ थांबवण्यामुळे दिसत होती. एकाच मापाने मोजलं तर सुधारणा पंचेचाळीस टक्के नाही, चोवीस टक्के. नवीन पद्धत खोटी नाही. ग्राहक चार दिवस उत्तर देत नसेल तर ते चार दिवस आमच्या कामाचे कसे? पण जुन्या मापाचा पहिला आकडा आणि नव्या मापाचा शेवटचा आकडा यांची वजाबाकी करता येत नाही. आधीचे सादरकर्ते ही गोष्ट तोंडाने सांगत होते, आणि ते गेल्यावर फाइलमध्ये फक्त पंचेचाळीस टक्के उरले होते. माझ्या पहिल्या नोटमध्ये मी काय लिहिलं होतं? 'वर्षभरात आपण तिकीट सोडवण्याचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आणला.' ते वाक्य मी ग्राहकांसमोर उभं राहून बोलले असते, या विचाराने मला तेव्हा खरंच धस्स झालं.

लपवलेल्या रकान्यावरही मी डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. तो कोणी, कधी भरला ते फाइलमध्ये कुठेच नव्हतं. सहकारीने शेवटच्या तिमाहीत बंद झालेल्या तिकिटांची यादी प्रणालीतून काढून दिली, त्यात उघडल्याची वेळ आणि बंद झाल्याची वेळ होती. दोन्हींतला फरक काढून सरासरी घेतली, २९.३ तास आले. रकाना बरोबर होता. घड्याळाचा बदल नेमका कुठल्या तारखेला झाला तेही तिने प्रणालीच्या बदलांच्या नोंदीत शोधलं. तिसऱ्या तिमाहीचा पहिलाच दिवस होता तो, त्यामुळे आलेखाची तिमाही मधूनच कापायची वेळ आली नाही.

इथे माझं आणि आमच्या मॅडमचं थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, "ते तोंडी सांगायचे ना? मग तूही नोट्समध्ये लिही आणि तोंडी सांग. स्लाइड कशाला बदलतेस?" मला ते पटत नव्हतं. सादरीकरणानंतर आम्ही पीडीएफ पाठवतो. ती बैठकीला नसलेल्या माणसांकडेही जाते, आणि तिच्याबरोबर माझा आवाज जात नाही. नोट्समधलं स्पष्टीकरण स्लाइडवरच्या दाव्याला मर्यादा घालत असेल, तर ती मर्यादा स्लाइडवरच असायला हवी. मी त्यांना पीडीएफचं ते एकच पान छापून दाखवलं आणि विचारलं, "मॅडम, एवढंच कागदावर पाहिलं तर तुम्ही काय समजाल?" त्यांनी ते पान बराच वेळ हातात धरलं, मग म्हणाल्या, "बदल."

आता तिथे दोन रेघा आहेत. जुन्या मापाची चारही तिमाहींतून जाते आणि नव्या मापाची तुटक रेघ तिसऱ्या तिमाहीपासून सुरू होते. शीर्षकात ३८ वरून २९ तास आहे. तिची नोट मी पुन्हा लिहिली ती अशी:

*एकाच मापाने मोजलं तर तिकीट सोडवायला लागणारा वेळ ३८ तासांवरून २९ तासांवर आला आहे.*

*ही वरची रेघ पाहा. तिकीट उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा सगळा वेळ यात धरला आहे, आमचा आणि तुमचाही. वर्षाच्या सुरुवातीला ३८ तास, शेवटी २९. [क्लिक] ही खालची तुटक रेघ तिसऱ्या तिमाहीपासून सुरू होते. आम्ही तुमच्याकडे माहिती मागतो तेव्हापासून ती मिळेपर्यंत या मोजणीत घड्याळ थांबतं. म्हणून ती खाली आहे, २१ तासांवर. वरच्या रेघेच्या पहिल्या आकड्यातून खालच्या रेघेचा शेवटचा आकडा वजा करू नका. [थांबा. लोकांना दोन्ही रेघा पाहू द्या.] दोन्हींमधलं हे आठ तासांचं अंतर म्हणजे आम्ही तुमच्या उत्तराची वाट पाहतो तो वेळ. तो कमी कसा करायचा ते पुढच्या स्लाइडवर आहे.*

*–––*
*स्रोत: बंद झालेल्या तिकिटांची यादी, चारही तिमाही. शेवटची तिमाही स्वतः पुन्हा मोजली. घड्याळाचा बदल: तिसऱ्या तिमाहीचा पहिला दिवस. आधीच्या प्रतीत इथे '४५ टक्के' होतं. तो आकडा वापरू नये.*

बाकीच्या नोट्सना हाच साचा मिळाला. सर्वांत वर एक वाक्य, लोकांनी या स्लाइडवरून उठताना डोक्यात काय ठेवायचं ते. मग बोलायचा भाग, आणि त्याचं शेवटचं वाक्य पुढच्या स्लाइडला हात देणारं. त्याखाली एक रेघ आणि रेघेखाली स्रोत, तपासल्याची नोंद, काही शंका असेल तर तीही. बोलताना `Presenter View` मध्ये नोट्सची अक्षरं मोठी केली की पडद्यावर सात-आठ ओळीच मावतात, म्हणून जे डोळ्याला लगेच सापडायला हवं ते वरच पाहिजे. स्रोत खाली असला तरी बिघडत नाही, तो बोलताना लागत नाही. पण कोणी प्रश्न विचारला तर दोन बोटं खाली सरकवलं की तो समोर येतो. '[क्लिक]' मात्र आपणच लिहावं लागतं. पुढचं अॅनिमेशन कुठल्या वाक्याशी यायला हवं हे पॉवरपॉइंट नोट्समध्ये दाखवत नाही.

लिहिण्याची रीतही बदलली. टाइप करायला बसले की माझी वाक्यं अहवालासारखी व्हायची, 'सदर कालावधीत लक्षणीय सुधारणा' वगैरे. म्हणून मी आधी उभी राहून मोबाइलमध्ये बोलायची, मग ते ऐकून जसंच्या तसं उतरवायची आणि त्यातलं फालतू कापायची. माझा वेग मिनिटाला साधारण शंभर शब्दांचा भरला. त्या हिशोबाने दोनशे शब्दांची नोट म्हणजे दोन मिनिटं, आणि लोक आलेख वाचतात तो वेळ वेगळा.

'गोदामाची गोष्ट' मला मिळालीच नाही. म्हणजे मिळाली, पण दोन. एकाने सांगितलं की एका ग्राहकाच्या गोदामात रात्री स्कॅनर बंद पडले आणि आपल्या टीमने दोन तासांत चालू करून दिले. दुसऱ्याने सांगितलं की ते सकाळपर्यंत चालू झाले नव्हते आणि गोष्ट त्याबद्दलच होती, आपण कुठे कमी पडलो त्याबद्दल. दोघांनीही ती त्यांच्या तोंडून ऐकली होती, दोघंही मनापासून सांगत होते. तिकिटांच्या यादीत त्या ग्राहकाचं नाव माहीत नसताना शोधणं शक्य नव्हतं. त्यातली सोयीची गोष्ट उचलावी असं क्षणभर वाटलं, पण जी घटना मी पाहिली नाही आणि जिचा शेवट दोन तऱ्हांनी सांगितला जातो, ती मी ग्राहकांना कशी सांगणार? समोर बसलेल्यांपैकी कोणी त्या गोदामाचाच असला तर? मी चौदाव्या स्लाइडवर माझ्यासमोर घडलेली एक घटना घातली. चुकीच्या वर्गात नोंदलेलं एक तिकीट तीन टेबलांवरून कसं फिरलं, ते मी स्वतः त्या कॉलवर होते म्हणून मला क्रमाने माहीत होतं. ती गोष्ट त्यांच्या गोष्टीइतकी रंगणार नाही. पण तिच्यावर कोणी प्रश्न विचारला तर मला उत्तर देता येईल.

उरलेल्या खुणांसाठी मी थेट त्यांनाच विचारायचं ठरवलं. आधी मॅडमना विचारलं. सोडून गेलेल्या माणसाला आकडे किंवा ग्राहकांची नावं विचारणं त्याच्यासाठीही अडचणीचं असतं, म्हणून प्रश्न फक्त मांडणीचे ठेवले आणि तीनच ठेवले. "नमस्कार सर, तुमचा डेक आता मी मांडणार आहे. आकड्यांचं काही विचारत नाही. सहाव्या स्लाइडखाली 'थांब' आहे ते कशासाठी? विसाव्यावर तुम्ही लोकांना काय विचारायचात? आणि अकरावी स्लाइड बाराव्याच्या आधी का आहे?"

दुसऱ्या दिवशी दीड मिनिटाचा आवाजी निरोप आला. सहाव्या स्लाइडवर वर्षभरात सेवा बंद पडल्याची तारीखवार यादी होती. ते म्हणाले, "तिथे प्रत्येक जण आपल्याला फटका बसला होता ती तारीख शोधत असतो. तेव्हा बोललेलं कोणाच्या कानात शिरत नाही. वीस सेकंद गप्प राहा." अकरावी आणि बारावी मुळात उलट्या होत्या, पुढच्या वर्षाची योजना आधी आणि या वर्षीच्या चुका नंतर. "एकदा एका ग्राहकाला वाटलं की योजना दाखवून आम्ही चुका झाकतोय. तेव्हापासून चुका आधी." विसाव्यावर काय विचारायचे ते मात्र त्यांना आठवलं नाही. "दर वेळी वेगळं असायचं," म्हणाले. मी त्यांची पहिली दोन उत्तरं त्यांच्याच शब्दांत नोट्सच्या रेघेखाली ठेवली. नाहीतर पुढच्या माणसाला 'थांब' पाहून माझ्याइतकाच प्रश्न पडेल, आणि अकरा-बाराची अदलाबदल कोणीतरी सहज करून टाकेल.

सतराव्या स्लाइडने मात्र हार मानायला लावली. '९६ टक्के ग्राहक समाधानी' असा गोल आलेख होता. त्याच्या मागचा तक्ता फाइलमध्ये नव्हता, बाहेरच्या फाइलला जोडलेला होता, आणि ती त्यांच्या बंद झालेल्या खात्यात होती. अशा वेळी आलेख दिसत राहतो, कारण शेवटचे आकडे त्यात साठवलेले असतात, पण ते कुठून आले हे उघडत नाही. ९६ टक्के म्हणजे पन्नासांपैकी अठ्ठेचाळीस की पंचविसांपैकी चोवीस? किती जणांना विचारलं, किती जणांनी उत्तर दिलं? सर्वेक्षणाची मूळ उत्तरं कोणाकडेच सापडली नाहीत. त्या स्लाइडची नोट म्हणून मी एकच ओळ लिहिली, 'स्रोत सापडलेला नाही, हा आकडा बोलू नये', आणि स्लाइड लपवली. पुसली नाही. उद्या कोणाला उत्तरं सापडली तर जागा तयार आहे.

बाकीच्या बऱ्याच स्लाइडवर सांगण्यासारखं काही घडलं नाही. शीर्षक, विषयसूची, टीमची ओळख यांना एकेक ओळ पुरली. पाचवीला लिहिलं, 'ही वाचण्यासाठी आहे. तपशील पीडीएफमध्ये मिळेल म्हणा आणि पुढे जा.' बोलायच्या एकोणीस स्लाइड उरल्या आणि शेवटच्या तालमीत साडेसव्वीस मिनिटं लागली.

बैठकीच्या आदल्या दिवशी ग्राहकाकडून निरोप आला, फाइल आधीच पाठवा, पॉवरपॉइंटच हवी. इथे घाई झाली असती तर मोठा घोळ झाला असता. नोट्स फाइलसोबत जातात. माझ्या रेघांखाली आतल्या शंका होत्या, सतराव्याची ओळ होती, सरांचा निरोप होता, आणि आलेखांच्या मागे सगळे तक्ते होते. वेगळी प्रत करून तिच्यावर `File > Info > Check for Issues > Inspect Document` चालवलं, नोट्स आणि टिप्पण्या काढल्या. मूळ फाइलवर हे कधीच करू नये, काढलेल्या गोष्टी परत आणता येतीलच असं नसतं. लपवलेल्या स्लाइड मी हातानेच पुसल्या आणि आलेख चित्र म्हणून चिकटवले. मग ती प्रत पुन्हा उघडून प्रत्येक स्लाइडच्या खाली डोकावून पाहिलं.

सादरीकरणात सहाव्या स्लाइडवर मी मनात वीस मोजले. पंधरापर्यंत सगळे खाली माना घालून वाचत होते, मग एकेक मान वर आली. नवव्यावर दोन प्रश्न आले. एकाने विचारलं, घड्याळ थांबलंय हे आम्हाला कुठे दिसतं? दुसऱ्या बाई म्हणाल्या, आम्ही उत्तर दिल्यावर ते लगेच सुरू होतं की तुमच्या माणसाने पाहिल्यावर? पहिल्याचं उत्तर मला माहीत होतं. दुसऱ्याचं नव्हतं, आणि तो प्रश्न योग्य होता, कारण मधला वेळ आमचा असूनही मोजला जात नसेल तर २१ हा आकडाही थोडा कमी दिसतो. तपासून कळवते म्हणाले. सहकारीने दुसऱ्या दिवशी पाहून सांगितलं, उत्तर प्रणालीत येताच सुरू होतं, माणसाची वाट पाहत नाही. त्या बाईंना तसं कळवलं, आणि नवव्या स्लाइडच्या रेघेखाली दोन्ही प्रश्न, उत्तरं आणि तारीख लिहिली.